हार्ट फेल्युअर किंवा लो बीपी असताना झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्या: उठताना चक्कर, गुंगी, तोल जाणं याबद्दल नेहमी येणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे. हार्टच्या पेशंटच्या घरचे लोक मला जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. बहुतेक सगळे एकाच गोष्टीभोवती फिरतात, रात्रीची झोपेची गोळी आणि त्यानंतर बेडवरून उठणं. उत्तरं वाचून स्वतःच्या गोळ्या स्वतः बदलू नका, पण डॉक्टरांना काय विचारायचं आणि काय मोजून न्यायचं हे तरी यातून कळेल.

१. आडवं असताना बीपी चांगलं असतं, मग झोपेची गोळी घेतल्यावर उठतानाच चक्कर का येते?

कारण उभं राहणं हे शरीरासाठी मोठं काम आहे. आपण उठलो की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त खाली पायांत आणि पोटात उतरतं, हृदयाकडे परत येणारं रक्त तेवढं कमी होतं आणि बीपी घसरायला लागतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब ओळखणारे सेन्सर असतात, ते लगेच मेंदूला कळवतात, मग रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय जरा जोरात चालतं आणि काही सेकंदात सगळं सावरतं. निरोगी माणसाला हे जाणवत पण नाही.

आता ही सावरण्याची साखळी कुठे कुठे कमजोर होते ते बघा. हार्ट फेल्युअरमध्ये हृदयाकडे वाढवायला ताकदच कमी शिल्लक असते. वर गोळ्या चालू असतात, त्यातल्या काही रक्तवाहिन्या सैल ठेवतात, काही ठोके वाढू देत नाहीत, काही लघवीवाटे पाणी काढतात. या गोळ्या हृदयाला वाचवतात, त्यात काही चूक नाही, पण उभं राहताना लागणारी राखीव ताकद त्यांच्यामुळे कमी होते. त्यात गुंगीची गोळी आली की मेंदूचा प्रतिसाद मंदावतो, पाय सैल पडतात, आणि मुख्य म्हणजे डोळ्यापुढे अंधारी यायला लागली की पटकन खाली बसायचं हे जे माणसाला आपोआप सुचतं ते सुचायलाच उशीर होतो. माझ्या मते पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हे शेवटचं आहे, बीपी थोडंच पडलेलं असतं पण माणूस स्वतःला सावरू शकत नाही.

२. सगळ्याच झोपेच्या गोळ्यांनी बीपी पडतं का?

नाही, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम या घराण्यातल्या गोळ्या नेहमीच्या डोसमध्ये तोंडाने घेतल्या तर एकट्याने बीपी फार पाडत नाहीत. त्यांचा त्रास म्हणजे गुंगी, तोल आणि मंद प्रतिसाद. झोल्पिडेमचं पण तसंच.

दुसरा गट वेगळा आहे. अमिट्रिप्टिलिन, ट्रॅझोडोन, क्वेटियापिन ही औषधं बऱ्याचदा 'झोपेसाठी थोडीशी' म्हणून दिली जातात, ही रक्तवाहिन्या आवळण्याचा सिग्नलच अडवतात त्यामुळे उभं राहिल्यावर बीपी खरोखर खाली जातं, शिवाय गुंगी आहेच, म्हणजे दोन्हीकडून मार. यातलं अमिट्रिप्टिलिन हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर पण परिणाम करू शकतं म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये शक्यतो टाळतात.

तिसरा गट लोक मोजतच नाहीत तो म्हणजे सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, ज्यांनी झोप येते. झोप येते म्हणून त्या झोपेसाठी घेतल्या जातात. वयस्कर माणसाला त्यांनी गोंधळल्यासारखं होतं, लघवी अडकते, तोल जातो. डॉक्टरांना औषधांची यादी देताना ही गोळी सांगायची राहून जाते, ती सांगा. आणि दारू पण याच यादीत धरा, ती रक्तवाहिन्या सैल करते आणि गुंगीही वाढवते.

३. पहिल्या चार-पाच रात्री काहीच झालं नाही, आठवड्यानंतर गरगरायला लागलं. मग गोळीमुळे कसं असेल?

असू शकतं, उलट काही गोळ्यांचं असंच होतं. क्लोनाझेपाम घ्या. ते अंगातून निम्मं व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात. ३६ तास धरू. म्हणजे आज रात्री घेतलेल्या गोळीतलं उद्या रात्री सुद्धा ६० टक्क्यांहून थोडं जास्त औषध अंगात असतं, त्यावर तुम्ही दुसरी गोळी टाकता, परवा तिसरी. असं साठत साठत साधारण आठवड्याभरात पातळी स्थिर होते, आणि तेव्हा हिशोब केला तर रात्रीची नवी गोळी घ्यायच्या आधीच अंगात पावणेदोन गोळ्यांच्या आसपास औषध शिल्लक असतं. गोळी तीच, डोस तोच, पण सकाळी ११ वाजेपर्यंत पेंग, बोलताना जीभ जड, चालताना भिंतीला हात लावायची गरज.

डायझेपाम तर याहून जास्त दिवस रेंगाळतं. झोल्पिडेमचं उलटं आहे, ते दोन-तीन तासांत निम्मं होतं, वयस्कर लोकांत थोडं जास्त वेळ लागतो, म्हणून त्याचा धोका सकाळपेक्षा मध्यरात्री उठण्यात जास्त. हार्ट फेल्युअरमध्ये लिव्हरमध्ये रक्त तुंबून राहत असेल तर काही गोळ्या अंगातून बाहेर पडायला आणखी उशीर होतो, म्हणून शेजारच्या माणसाला जो डोस चालतो तोच या पेशंटला जड जातो.

४. घरी बीपीच्या मशीनवर हे पकडता येतं का?

येतं, आणि डॉक्टरांकडे जाताना यापेक्षा उपयोगी कागद दुसरा नाही. ५ मिनिटं आडवं पडून राहायचं, बोलायचं नाही, मग आडवं असतानाच बीपी आणि पल्स मोजायचा. पट्टा दंडावरच ठेवून उभं राहायचं. उभं राहिल्यावर १ मिनिटाने एकदा आणि ३ मिनिटांनी एकदा मोजायचं. उभं असताना हात खाली लोंबू द्यायचा नाही, हृदयाच्या उंचीला टेकवून ठेवायचा, नाहीतर आकडा चुकीचा जास्त येतो. मागे खुर्ची आणि बाजूला माणूस पाहिजेच. चक्कर आली तर मोजणं सोडून बसवायचं, आकडा गेला तरी चालेल.

वरचा आकडा २० किंवा जास्त पडला, किंवा खालचा १० किंवा जास्त, तर उभं राहिल्यावर बीपी पडतंय असं म्हणतात. उभं असताना वरचा आकडा ९० च्या खाली गेला आणि त्रास पण होतोय तर तेही तितकंच महत्त्वाचं.

दोन वेळा निवडा, सकाळी उठल्या उठल्या गोळ्यांच्या आधी, आणि हार्टच्या गोळ्या घेतल्यावर साधारण दोन तासांनी. एकाच वेळेचा आकडा फसवतो. आणि प्रत्येक आकड्याच्या बाजूला काय जाणवलं ते लिहा, अंधारी आली, खोली फिरली, पाय लटपटले की नुसती पेंग, कारण या चारही गोष्टींचं कारण वेगळं असू शकतं (प्रश्न ९ बघा).

एक फसवी गोष्ट. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल चालू असेल तर बीपी पडलं तरी पल्स वाढत नाही. 'पल्स ६६ आहे म्हणजे सगळं ठीक' असं यात धरू नका.

५. आई रात्री बाथरूमला जाताना पडली. पाच गोळ्या चालू आहेत, यातली नेमकी कुठली कारण?

बऱ्याचदा एक गोळी नसते, वेळेचं गणित असतं. अशा अनेक प्रश्नांतून जुळवलेलं एक उदाहरण सविस्तर बघू.

वय ७२, हार्ट फेल्युअर. संध्याकाळी ६ ला टोरसेमाइड, म्हणजे पाणी काढायची गोळी. रात्री ९:३० ला जेवणानंतर बऱ्याच वेळाने कार्व्हेडिलोल, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्राम, 'एकदाच सगळ्या घेऊन टाकते' म्हणून एकत्र. क्लोनाझेपाम तीन आठवड्यांपासून. रात्री पाऊणच्या सुमाराला लघवीला उठल्या आणि दारापाशी पडल्या.

आता वेळ जुळवून बघा. टोरसेमाइडचा परिणाम सहा-आठ तास राहतो, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत अंगातलं पाणी कमी होतंय आणि उठायची वेळ पण त्याच गोळीने आणलीये. त्यात दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं, त्याचीही लघवी रात्रीच होते. कार्व्हेडिलोल जेवणासोबत घेतलं तर हळू शोषलं जातं आणि उभं राहिल्यावर बीपी पडायचा त्रास कमी होतो, इथे रिकाम्यासारख्या पोटी गेलं. दोन्ही हार्टच्या गोळ्यांचा जोर साधारण दीड-दोन तासांत चढतो, म्हणजे ११ ते १२ च्या आसपास, आणि पाऊणपर्यंत तो फारसा उतरलेला नसतो. आणि क्लोनाझेपाम तर आता साठून बसलेलं, प्रश्न ३ मधल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तर आडवं ११२/६८ पल्स ६४, उभं १ मिनिटाने ८८/५६ पल्स ६७, ३ मिनिटांनी ९२/५८. वरचा आकडा २४ ने पडला आणि पल्स जवळजवळ हललाच नाही.

डॉक्टर अशा वेळी साधारण काय करतात तर हार्टच्या गोळ्या बंद करत नाहीत. टोरसेमाइड सकाळी आणतात. कार्व्हेडिलोल जेवणासोबत, आणि दुसरी हार्टची गोळी तिच्यापासून काही तास लांब. क्लोनाझेपाम हळूहळू कमी करत नेतात (प्रश्न ७). वजन, सोडियम-पोटॅशियम आणि किडनीची टेस्ट बघतात, कारण पाणी गरजेपेक्षा जास्त काढलं गेलं असेल तर पाणी काढायच्या गोळीचाच डोस कमी करावा लागतो. काही आठवड्यांनी आडवं ११४/७० आणि उभं १०४/६६ असं आलं तर काम झालं. आडवं असतानाचा आकडा फारसा बदललेला नाही हे लक्षात घ्या, बदलला तो उभं असतानाचा, म्हणून फक्त बसून मोजलेलं बीपी या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

६. चक्कर येते तर हार्टची गोळी एक-दोन दिवस बंद ठेवू का?

स्वतःहून नको. घरोघरी असंच होतं, झोपेची गोळी प्रिय असते म्हणून ती राहते आणि हार्टची गोळी सुटते, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं कारण आयुष्य वाढवणारी गोळी ती होती. बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलोल, कार्व्हेडिलोल यांसारखी ठोके वाढू न देणारी गोळी, अचानक थांबवला तर ठोके उसळू शकतात. पाण्याची गोळी थांबवली तर दोन-तीन दिवसांत पाय आणि फुप्फुसं भरायला लागतात. फोन करा आणि प्रश्न ४ मधले आकडे सांगा. पण जुलाब-उलट्या चालू असतील, खाणं-पिणं बंद असेल तर तो अपवाद, तेव्हा त्याच दिवशी विचारा, कारण अशा आजारात पाणी काढणाऱ्या आणि बीपी कमी करणाऱ्या काही गोळ्या डॉक्टर तात्पुरत्या थांबवायला सांगतात.

७. मग झोपेची गोळी आजपासून बंद करतो, चालेल ना?

दोन-चारदाच घेतली असेल तर सहसा चालतं. पण अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यातली गोळी काही आठवडे रोज चालू असेल तर एकदम तोडायची नाही. झोप उडते, हात थरथरतात, घाम, धडधड, बीपी वर, आणि काहींना फिट पण येऊ शकते. कमजोर हृदयाला ही धडधड परवडणारी नाही. डोस थोडा कमी करायचा, एक-दोन आठवडे तिथेच थांबायचं, मग पुढचा टप्पा, असं डॉक्टर ठरवून देतात, आणि बरीच वर्षं घेतलेली असेल तर काही महिने लागतात. शेवटचे टप्पे सगळ्यात अवघड जातात, तिथे घाई केली की लोक परत पूर्ण डोसवर जातात.

८. पण झोपच लागत नाही, मग काय करायचं?

आधी झोप का लागत नाही ते शोधा, कारण हार्ट फेल्युअरमध्ये निद्रानाश हे कधी कधी आजार वाढल्याचं लक्षण असतं. आडवं झालं की दम लागतो, एकाच्या जागी तीन उशा लागतात, झोपेतून गुदमरून उठून खिडकीपाशी बसावं लागतं, तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलंय, तर ही पाणी भरल्याची झोपमोड आहे. इथे झोपेची गोळी देणं म्हणजे धोक्याची घंटा वाजत असताना कान झाकून घेणं. पाणी कमी झालं की झोप आपोआप लागते असं बरेचदा होतं.

दुसरं, जोडीदाराला विचारा की श्वास मधेच थांबतो का, हळूहळू मोठा होत जातो मग बारीक होत थांबतो असं चालतं का. हार्ट फेल्युअरमध्ये हे बऱ्याच जणांत आढळतं आणि दिवसाची पेंग यामुळेही असू शकते. घोरण्यासोबत श्वास अडत असेल तर गुंगीच्या गोळीने घसा आणखी सैल पडतो आणि अडणं वाढतं.

हे दोन्ही नसेल तर निद्रानाशासाठी ठरवून केलेली वर्तन उपचारपद्धती आहे, ज्यात झोपेची वेळ, बेडवरचा वेळ आणि झोपेबद्दलची भीती यावर काही आठवडे काम करतात. वेळ लागतो पण तोल जात नाही. गोळी लागलीच तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, आणि बंद कधी करायची ते सुरू करतानाच विचारून ठेवा.

९. तीनदा मोजलं, उभं राहिल्यावर बीपी पडत नाही. तरी तोल जातो. म्हणजे गोळीचा संबंध नाही?

असं नाही. बीपी पडण्याची चक्कर म्हणजे उठल्यावर काही सेकंदांपासून तीनेक मिनिटांत अंधारी येते, मान-खांदे दुखतात, बसलं की बरं वाटतं. गुंगीच्या गोळीचं वेगळं, बसलेलं असताना पण डोकं जड, चालताना पाय रुंद टाकावे लागतात, वळताना झोक जातो, बोलणं अडखळतं, आणि बसल्याने ते जात नाही. बेडवर कूस बदलली की खोली फिरते तर बहुतेक कानाचा प्रश्न आहे.

पण एक अपवाद आहे. काहींचं बीपी तीन मिनिटांनंतर हळूहळू पडतं, ओट्यापाशी किंवा रांगेत दहा मिनिटं उभं राहिल्यावर. काहींचं भरपेट जेवल्यावर दोन तासांच्या आत पडतं. त्यामुळे त्रास नेमका ज्या वेळी होतो त्या वेळी मोजलेला एक आकडा सकाळच्या दहा आकड्यांपेक्षा जास्त सांगतो. आणि डायबेटिस असेल तर त्याच वेळी शुगर पण बघा.

१०. मला हार्टचा त्रास नाही, नुसतं लो बीपी आहे. मीठ-पाणी वाढवून गोळी घेत राहू का?

लो बीपीवाल्यांना कधी कधी पाणी आणि मीठ वाढवायला सांगतात हे खरं, पण तो सल्ला हार्ट फेल्युअरवाल्या माणसाने उचलायचा नाही, आणि तुम्हीही हृदय-किडनी ठीक आहे हे बघितल्याशिवाय नाही. शिवाय मीठ-पाण्याने फक्त बीपीची बाजू सावरते, गोळीची गुंगी तशीच राहते. बीपी आडवं असतानाही ९० च्या आसपास असेल तर प्रश्न २ मधल्या दुसऱ्या गटाबद्दल आवर्जून विचारा. प्रोस्टेटसाठी गोळी चालू असेल तर तीही सांगा, त्यातल्या काही रक्तवाहिन्या सैल करतात.

११. रात्री उठावं लागतंच. तेवढ्यापुरतं काय करता येईल?

उठायच्या आधी आडवं असतानाच दहा-बारा वेळा पावलं वर-खाली करा आणि मुठी आवळा. मग बसा, पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं तसंच राहा, हा वेळ कापायचा नाही. उभं राहिल्यावर लगेच चालू नका, बेडला धरून थांबा, हलकं वाटलं तर मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळा, नाही थांबलं तर परत बसा. वाटेवर लाइट चालू ठेवा. पुरुषांनी रात्री बसूनच लघवी करावी, उभ्याने करताना बीपी आणखी पडू शकतं. गोळी घेतलेल्या रात्री बेडजवळ लघवीचं भांडं ठेवणं मला सगळ्यात उत्तम वाटतं, लोकांना लाज वाटते, पण खुब्याचं हाड मोडलं तर महिने जातात.

१२. लगेच दवाखान्यात कधी न्यायचं?

शुद्ध हरपली, विशेषतः आधी धडधड झाली किंवा छातीत दुखलं. हलवून, हाक मारून नीट जागं होत नाही, श्वास संथ किंवा उथळ झालाय, ओठ निळसर दिसतायत, यातलं काहीही असेल तर लगेच न्या, आणि दुखण्याची अफूवर्गातली गोळी, जसं ट्रॅमाडॉल, पण चालू असेल तर एक मिनिट पण थांबू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोकं आपटलं तर बाहेरून काही दिसत नसलं तरी दाखवा. आणि अशा माणसाची पुढची सुस्ती 'झोपेची गोळी घेतलीये म्हणून' असं समजून सोडू नका.

१३. गोळ्या वर्षभर त्याच आहेत, डोस तोच, अचानक दोन दिवसांत खूप पेंग आणि चक्कर. कसं शक्य आहे?

नवीन काय आलं ते शोधा. अल्प्राझोलाम लिव्हरमधल्या ज्या एन्झाइमने मोडतं त्याला काही औषधं अडवतात, जसं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, बुरशीसाठीचं केटोकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल, बीपीसाठी दिलं जाणारं डिल्टियाझेम. मग तोच डोस अंगात दुप्पट-तिप्पट घेतल्यासारखा वागतो. खोकल्यासाठी किंवा त्वचेसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात आणि जुनी यादी दाखवली नाही की हे होतं. नवीन औषध नसेल तर ताप, इन्फेक्शन, जुलाब, कमी खाणं, सोडियम घसरणं, किडनी मंदावणं यातलं काही आहे का ते बघायला लागतं आणि त्यासाठी रक्ततपासणी लागते. मधल्या काळात रात्री एकट्याने उठू देऊ नका, आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, सर्दीची आणि दुखण्याची सुद्धा, एका पिशवीत घालून तशाच डॉक्टरांसमोर ठेवा.